आर्द्रता-सेन्सरच्या एक्झॉस्ट फॅनबाबत तक्रार

दिनांक : १२ जानेवारी २०२६
नागपूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : बाथरूमचा सेन्सरवाला एक्झॉस्ट फॅन पावसाळ्यात बंद न होणे व हिवाळ्यात चालू न होणे

महोदय,

गेल्या मार्चमध्ये मी आपला सहा इंची एक्झॉस्ट फॅन घेतला. साध्या फॅनपेक्षा तो बराच महाग होता, पण खोक्यावर 'आर्द्रता ओळखून आपोआप चालू-बंद' असं छापलं होतं आणि माझ्या मुलाला फॅन बंद करायची आठवण राहत नाही. त्यानंतर आपल्याकडे तीन तक्रारी केल्या. तिन्ही वेळा 'सेन्सर बदलला, फॅन व्यवस्थित आहे' असा शेरा मारून त्या बंद झाल्या. शेरा खरा आहे, सेन्सर व्यवस्थितच आहे. माझी तक्रार त्याच्यामागच्या डोक्याबद्दल आहे, म्हणून यावेळी सविस्तर लिहितो.

मार्चमध्ये फॅन नीट चालला. सकाळी बाथरूमची आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास असायची, आंघोळीला ती सत्तरीच्या वर जायची. कारखान्यातून ६५ वर लावून आलेला फॅन सुरू व्हायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत बंद व्हायचा. नवतपात कूलर रात्रभर सुरू असल्याने घरातलीच आर्द्रता साठीपार जाऊ लागली, तेव्हा तो रात्री दोनलाही सुरू व्हायला लागला. कूलरची हवा बाहेर जायला वाट लागतेच, म्हणून मी काही बोललो नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली. आपल्या पुस्तिकेत झडीचा उल्लेख नाही, म्हणून सांगतो : विदर्भात पाऊस लागला की दिवसचे दिवस ऊन दिसत नाही आणि बाथरूममध्ये कोणी गेलं नाही तरी आर्द्रता ८०-८५ वर बसलेली असते. फॅन सलग सहा दिवस चालला. तो आतली दमट हवा बाहेर फेकतो आणि तिच्या जागी फटीतून बाहेरची तेवढीच दमट हवा आत येते, मग ६५ चा आकडा येणार कुठून? विजेचा खर्च फारसा नाही, ३० वॅटचा फॅन दिवसाला पाऊण युनिटही खात नाही. पण सहा दिवस-रात्री ती घरघर, आणि कारण काय तर बाहेर पाऊस पडतोय.

आपल्याकडून मुलगा आला, फार सज्जन होता. 'काका, सेटिंग वाढवून देतो' म्हणून त्याने जाळीमागचा छोटा स्क्रू फिरवून ६५ चे ८५ केले. दोन दिवसांनी रात्री आर्द्रता ८७ झाली आणि फॅन पुन्हा सुरू. मग ९० केले. त्या आठवड्यापुरतं काम झालं. आपल्या कार्यालयातून मात्र 'तुमच्या शहराचे हवामान दमट असल्याने असे होते' असं उत्तर आलं. मे महिन्यात इथे दुपारी कपडे पिळून दोरीवर टाकले की चहा होईपर्यंत वाळतात. त्या शहराला दमट म्हणणाऱ्या सद्गृहस्थांना एकदा भेटायची इच्छा आहे.

आता डिसेंबरचं ऐका. सेटिंग अजून ९० वरच होतं. एके सकाळी गिझरचं पाणी दोन बादल्या घेऊन आंघोळ केली. आरसा पांढरा झाला, टाइल्सवरून ओघळ वाहत होते, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरू लागली होती आणि फॅन गप्प. फॅनच्या शेजारी मी स्वतःचं आर्द्रतामापक टांगलं होतं. ते ७८ दाखवत होतं, तापमान २२ अंश. या हवेचा दवबिंदू सुमारे १८ अंश येतो आणि बाहेरच्या भिंतीवरचा माझा आरसा सोळाच्या आसपास होता. म्हणजे आरशापाशी हवा संपृक्त होऊन पाणी सुटत होतं, तर छताजवळच्या सेन्सरला ९० यायला अजून बारा टक्के बाकी होते. सेन्सरने खोटं काही सांगितलं नाही. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

मी औष्णिक वीज केंद्राच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झालो. तिथे आगीच्या सूचनेसाठी काही ठिकाणी जे उष्णता-डिटेक्टर असतात त्यांच्यात दोन युक्त्या एकत्र असतात : तापमान एका ठरावीक आकड्यापार गेलं तर घंटा, आणि आकडा गाठायच्या आधीच मिनिटाला साधारण आठ अंशांच्या वेगाने ते चढू लागलं तरी घंटा. उन्हाने शेड हळूहळू तापते, आगीने झपाट्याने तापते, एवढाच त्यामागचा हिशोब. आंघोळीचंही तेच आहे. हवामान आर्द्रता तासांत बदलतं, गरम पाण्याची बादली मिनिटांत.

हे नुसतं म्हणायला नको म्हणून कॅलेंडरच्या पाठीमागे दर मिनिटाची नोंद केली. डिसेंबरच्या त्या सकाळी आकडे असे आले : ४६, ४६, ५२, ५९, ६६, ७१, ७५, ७८. म्हणजे ऐन भरात मिनिटाला सहा-सात टक्के. जुलैतल्या एका आंघोळीचे आकडे होते ८३, ८३, ८६, ९०, ९३, ९५. इथे मिनिटाला तीन-चार. उलट झडीच्या रात्री तीच बाथरूम ७८ वरून ८८ वर जायला सहा तास लागले, म्हणजे एक टक्का चढायला ३६ मिनिटं. मे महिन्यात कूलर सुरू केल्यावर बाथरूममध्ये ४० मिनिटांत वीसेक टक्के वाढ झाली, मिनिटाला अर्धा टक्का. 'सलग दोन मिनिटं, दर मिनिटाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढ' एवढी एकच अट घातली तर माझ्या दोन्ही आंघोळी पकडल्या जातात आणि पाऊस व कूलर दोन्ही सुटतात. ऋतू बदलला म्हणून स्क्रू फिरवावा लागत नाही. शिवाय सेन्सर थोडा चुकला तरी बिघडत नाही. आपण बदलून दिलेला नवा सेन्सर जुन्यापेक्षा चार टक्के जास्त दाखवतो. ठरावीक आकड्यावर फॅन चालवायचा तर ही चूक मोठी, पण दोन वाचनांची वजाबाकी केली की ती दोन्हीकडून कटते.

बंद करण्याचं काम मात्र एवढं सोपं नाही, आणि आपल्या अभियंत्यांनी हे करायला घेतलं तर ते इथेच अडकतील म्हणून आधीच सांगतो. फॅन सुरू झाला की चढण्याचा वेग लगेच पडतो. वेग पडला म्हणून फॅन बंद केला तर भिंती ओल्याच राहतात. त्यामुळे आंघोळीआधीच्या अर्ध्या तासाची सरासरी लक्षात ठेवायला हवी, फॅन चालू असताना ती गोठवायला हवी आणि आर्द्रता त्या सरासरीच्या पाच टक्के जवळ आली की फॅन थांबवायला हवा. माझ्या डिसेंबरच्या उदाहरणात तो ५१ ला थांबेल, जुलैत ८८ ला. पण आंघोळ चालू असताना बाहेर पाऊस सुरू झाला तर जुनी सरासरी परत कधीच येणार नाही आणि आपण पुन्हा त्या घरघरीत जाऊ. म्हणून वरून तीस मिनिटांची मर्यादा हवीच. ती संपली की तेव्हाची आर्द्रता हीच नवी सरासरी धरायची. लाइट जाऊन आल्यावरही पहिली काही मिनिटं नुसतं वाचन करत बसायचं, नाहीतर तुलना करायला मागचं काही नसतं.

या पद्धतीतही दोन उणिवा आहेत. पहिली झडीतलीच. आर्द्रता आधीच ९२ असेल तर चढायला वर जागाच उरत नाही. गरम पाण्याने हवेत वाफ येते तशी हवाही तापते, आणि तापलेल्या हवेत जास्त पाणी मावत असल्याने टक्केवारी जवळपास तिथेच राहते. २७ अंशांना ९२ टक्के म्हणजे घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम पाणी, ३० अंशांना तेच ९२ टक्के म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. टक्का हलला नाही, पाणी मात्र चार ग्रॅमने वाढलं. म्हणून वेग टक्क्यांत न मोजता ग्रॅममध्ये मोजणं जास्त चांगलं. त्यासाठी तापमान लागतं, आणि आर्द्रतेच्या बऱ्याच डिजिटल सेन्सरमध्ये ते त्याच चिपवर मिळतं. आपल्या फॅनमध्ये तसा असेल तर एक पैसाही जास्त खर्च नाही. याचा आणखी एक फायदा आहे. दार उघडल्यावर कूलरच्या हवेचा झोत आत आला तर आर्द्रता उडी मारते पण तापमान उतरतं, आंघोळीला दोन्ही चढतात. दोन्ही पाहिलं की फसगत टळते.

दुसरी उणीव : पावसाळ्यात आमच्याकडे ओले कपडे बाथरूममध्ये वाळत घालतात. त्यांचं पाणी इतक्या सावकाश हवेत जातं की वेग कधीच दोन टक्के होत नाही, आणि फॅन दिवसभर झोपून राहील. त्यासाठी सेन्सरला बगल देणारं साधं बटण असावं. आपल्या फॅनला ते नाही. सौ. म्हणते की एवढे पैसे घेऊन बटण काढून घेतलं, हे मात्र आपण खरंच आपोआप केलं.

माझ्या मागण्या अशा. वेगावर चालणारा कंट्रोलर आपल्याकडे दुसऱ्या मॉडेलमध्ये असेल तर तो बदलून द्यावा. याच सर्किटमध्ये नवा प्रोग्राम भरता येत असेल तर तसा भरून द्यावा. दोन्ही शक्य नसेल तर फॅन परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, वॉरंटी मार्च २०२७ पर्यंत आहे. कृपया चौथ्यांदा सेन्सर बदलायला कोणाला पाठवू नये. खरेदीची पावती आणि कॅलेंडरवरच्या नोंदींची प्रत सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला माणूस यायचा असेल तर सकाळी सातच्या आत पाठवा. तेव्हा मुलगा आंघोळीला जातो, आकडे डोळ्यांनी बघता येतील.

आपला,
एक ग्राहक

सोबत : १) पावतीची प्रत २) आर्द्रतेच्या नोंदी, दोन पाने