पाच मिनिटांच्या पुस्तक-परिचयासाठी शेजारच्या आजींना पत्र

आदरणीय आजी, सा. न.

वर्गातलं माझं पुस्तकावरचं बोलणं छान झालं. त्यात तुमचा वाटा किती होता, हे सगळ्यांसमोर सांगायचं आहे, म्हणून हे खुलं पत्र.

पुस्तक ‘श्यामची आई’, बोलायचं हिंदीत, आणि आमच्या बडोद्याच्या वर्गात बहुतेक मुलं गुजराती. श्याम हे नावसुद्धा त्यांनी ऐकलेलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, “लेखकाच्या जन्मगावापासून सुरू करू नकोस. ‘तुम्हाला पुस्तकं आवडतात का?’ असंही विचारू नकोस. थेट माळ्यावर जा.” म्हणून पहिली तीन वाक्यं अशी झाली: एक मुलगा माळ्यावर लपून बसलाय. त्याला पोहायला जायची भीती वाटते. आणि त्याच्यावर जीव टाकणारी आईच छडी घेऊन त्याला शोधते आहे. इथे थांबून मनात तीन अंक मोजायचे, हेही तुमचंच. वर्ग खरोखर गप्प झाला.

सगळ्यात अवघड होता सारांश. पुस्तकात ४२ रात्री आहेत, आणि प्रत्येकीतलं थोडं थोडं सांगितलं की नुसती यादी होते. तुम्ही एकच धागा धरायला लावलात: घरात गरिबी वाढत जाते, तरी आई मुलाला ताठ मानेनं जगायला शिकवते. त्या धाग्यावर दोनच प्रसंग घेतले आणि शेवट सांगितला नाही. कुठे थांबायचं याची तुमची खूण मला फार आवडली. ऐकणारा “मग?” म्हणेल, तिथे थांबायचं. साने गुरुजींनी हे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे वाक्य तुम्ही सारांशानंतर ठेवलंत. तोवर मुलांना आई ओळखीची झाली होती, म्हणून तुरुंगात बसून तिची आठवण काढणारा मुलगाही त्यांना दिसला.

सुरुवात अर्धं मिनिट, सारांश दोन-अडीच, शिफारस दीड, आणि उरलेला वेळ थांबण्यासाठी. घड्याळ लावून मोठ्यानं म्हटल्याशिवाय हा हिशोब जमत नाही, कारण मनात वाचलं की वेळ नेहमी कमी लागतो. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ होतं. मधल्या भागासाठी चिठ्ठीवर फक्त काही शब्द लिहिले होते. पूर्ण वाक्यं लिहिली असती, तर नजर कागदावरून उठलीच नसती.

शिफारशीत “सगळ्यांनी वाचा” हे तुम्ही खोडलंत. त्याऐवजी मी म्हटलं, “आपली आई फार कडक आहे असं ज्याला वाटतं, त्यानं हे वाचावं. रोज एकच रात्र वाचली तरी चालेल. मात्र ज्याला वेगवान गोष्ट हवी आहे, त्याला हे संथ वाटेल, आणि रडूही येईल.” हे शेवटचं वाक्य ऐकल्यावरच माझ्यावर विश्वास बसला, असं एका मैत्रिणीनं नंतर सांगितलं.

तिला मराठी वाचता येतं, आणि तिनं पुस्तक मागितलं आहे. पण प्रत तुमची आहे, म्हणून विचारल्याशिवाय दिली नाही. देऊ का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची