दादाच्या ताटातलं प्रथिन काढू नकोस

प्रिय मेधा,

तुझं पत्र आणि सोबत दादाच्या आठवड्याभराच्या खाण्याची वही, दोन्ही मिळालं. अशी वही लिहायला मी रुग्णांच्या घरच्यांना नेहमी सांगते, पण पेला केवढा, वाटी केवढी, जेवण किती वाजता, इतकं नेटकं क्वचितच कुणी लिहितं. त्यामुळे मला नेमकं काहीतरी सांगता येतंय.

आधी तुझा मुख्य प्रश्न. मागच्या महिन्यात दादा बरळायला लागले, रात्रभर जागे आणि दिवसभर झोपेत, आणि तेव्हापासून घरात डाळ, दूध, अंडी सगळं बंद झालं. "लिव्हर खराब, म्हणजे प्रथिन विष" असं कुणीतरी सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच आहे ते. प्रथिनांच्या पचनातून अमोनिया तयार होतो, सिरॉसिस झालेलं यकृत तो पुरेसा साफ करू शकत नाही, तो मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस गोंधळतो. 1950 च्या दशकात डॉक्टरांनी यावरूनच प्रथिन तोडायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षं ते चालू राहिलं.

पण या हिशेबात स्नायू धरलेच नव्हते. यकृत थकलं की अमोनियाचा बराच भार स्नायू उचलतात. ते त्याचं ग्लुटामाइन करून टाकतात. म्हणजे दंड-मांड्या जितक्या झिजतील तितकी अमोनिया पकडण्याची दुसरी सोय कमी होणार. प्रथिन तोडलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून गरज भागवतं, आणि त्या मोडीतूनही अमोनियाच निघतो. 2004 साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अशाच गोंधळलेल्या अवस्थेत दाखल झालेल्या रुग्णांपैकी काहींना सुरुवातीला प्रथिन बंद ठेवून हळूहळू वाढवलं, बाकीच्यांना पहिल्या दिवसापासून पूर्ण दिलं. शुद्धीवर येण्यात फरक पडला नाही. प्रथिन तोडलेल्यांच्या शरीरात स्नायूंची मोड मात्र जास्त झाली. रुग्ण थोडेच होते, तरी आज यकृताच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना एका सुरात सांगतात की प्रथिन कमी करू नका.

मग दादा बरळले कशाने? तुझ्याच वहीत त्या दिवसांच्या आधी लिहिलंय, "तीन दिवस शौचाला नाही." मला तरी तिथेच संशय येतो. बद्धकोष्ठ, एखादा संसर्ग, पोटातला रक्तस्राव, लघवीच्या गोळ्यांनी पाणी किंवा पोटॅशियम कमी होणं, झोपेची गोळी: बहुतेक वेळा कारण यांत सापडतं. लॅक्टुलोज रोज दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतकं देत राहा. अक्षर बिघडलं, तारीख-वार चुकायला लागले किंवा हात पुढे धरल्यावर पंजे फडफडले, तर डाळ बंद न करता डॉक्टरांना फोन कर. आणि नीट जागे नसतील तेव्हा तोंडात काही भरवू नकोस, ठसका लागून अन्न फुफ्फुसात जातं. सरळ रुग्णालय गाठ.

आता हिशेब. वजन 68 किलो लिहिलंयस, पण त्यात पोटातलं पाणी आहे आणि दोन्ही पायांची सूजही. पोटात मध्यम पाणी असेल तर 10 टक्के वजा करतात, दोन्ही पाय सुजले असतील तर आणखी 5. म्हणजे दादांचं कोरडं वजन साधारण 58 किलो. वजन तसंच आहे म्हणून तुम्ही निश्चिंत आहात, पण पाणी वाढत असतं आणि स्नायू घटत असतात, तेव्हा काटा जागचा हलत नाही. कानशिलं खोल गेली का, अंगठ्याच्या बुडाशी खळगा पडला का, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का, हे बघ.

प्रथिन हवं किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे रोज 70 ते 87 ग्रॅम. उष्मांक किलोमागे 30 ते 35, म्हणजे साधारण 1,750 ते 2,000. (जाड रुग्णांचं गणित वेगळं असतं, त्यांचे उष्मांक कमी करतात, पण प्रथिन नाही.) तुझ्या वहीवरून दादांना सध्या जेमतेम 35 ग्रॅम प्रथिन आणि 1,100 उष्मांक मिळताहेत. निम्मंच.

हे भरून काढायला डबाबंद पावडर लागतेच असं नाही. अर्धा लिटर दुधात 16 ग्रॅम, पाव किलोला थोडं कमी दही घेतलं तर 7, दोन अंड्यांत 12, कच्च्या मापाने 80 ग्रॅम कडधान्य-डाळींत 18, आणि दिवसभरात अडीचशे ग्रॅम धान्य पोटात गेलं तर त्यातून 22 च्या आसपास. झाले 75. तेल आणि फळ धरलं की उष्मांकही 2,000 च्या जवळ जातात. डाळी आणि दूध बहुतेकांना मांसापेक्षा सोसतं, आणि डाळींच्या चोथ्याने पोटही साफ राहतं. पोटातल्या पाण्याने जठर दाबलं जातं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी कर. मीठ कमीच हवं, पण अळणी म्हणून ताट तसंच परत येत असेल तर चिमूटभर सूट देण्याबद्दल डॉक्टरांशी बोल. उपाशी राहणं जास्त महागात पडतं.

आता वहीतली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. रात्रीचं जेवण साडेसातला, नाश्ता नऊला. साडेतेरा तास पोट रिकामं! निरोगी यकृत रात्रीसाठी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. सिरॉसिसमध्ये हा साठा तुटपुंजा असतो, तो लवकर संपतो, आणि मग शरीर स्नायूंतून साखर बनवायला लागतं. चुलीत लाकूड नाही म्हणून घराचे वासे जाळावेत तसं. निरोगी माणसाच्या शरीरात दोन-तीन दिवसांच्या उपासाने जी स्थिती येते, ती या रुग्णांत एका रात्रीत येते. आणि हे रोज रात्री.

म्हणून झोपायच्या आधी, दहाच्या सुमारास, किमान 50 ग्रॅम कर्बोदकं आणि थोडं प्रथिन. एक पेला दूध, पावाच्या दोन चकत्या आणि एक केळं एवढ्यात ते भागतं. हे दिवसाच्या हिशेबातलंच धर, पण संध्याकाळचं जेवण कापून नको. ऑकलंडमध्ये वर्षभर केलेल्या एका चाचणीत तेच जास्तीचं खाणं एका गटाला दिवसा आणि दुसऱ्याला रात्री दिलं होतं. 2008 साली निकाल आला: रात्री खाणाऱ्यांचं शरीरातलं प्रथिन वाढलं, साधारण दोन किलो मांसल वजनाएवढं, दिवसा खाणाऱ्यांचं वाढलं नाही. सकाळचा नाश्ताही सातच्या आत आण.

दादांना मधुमेह आहे का ते वहीत नाही. असेल तर रात्रीचं खाणं बंद करायचं नाही, पण केळ्याऐवजी काय आणि औषधाची मात्रा काय, हे डॉक्टरांना विचारून ठरव. एकदम 75 ग्रॅमवर उडी नको. या आठवड्यात रात्रीचं खाणं आणि सकाळचं दूध एवढंच सुरू कर, पुढच्या आठवड्यात डाळ आणि अंडी. शौचाची नोंद वहीत रोज हवी. पंधरा दिवसांची पानं झाली की फोटो पाठव, मी बघते.

तुझी,
अनघा