सोलर कुकर बदलून द्या, ढगांचं कारण सांगू नका

नमस्कार,

फेब्रुवारीत तुमच्या दुकानातून पेटीवाला सोलर कुकर घेतला, कोथरूडला आमच्या गच्चीवर ठेवलाय. घेताना तुमचा सेल्समन म्हणाला, बारा महिने चालतो, संध्याकाळचं जेवणपण होतं, सिलेंडर विसरा. आता तक्रार केली की तोच म्हणतो, ढग असतील हो काका. अहो, मे महिन्यातल्या पुण्यात कुठले ढग?

पहिले दोन महिने मस्त चालला, ते आधी सांगतो. साडेदहाला काळ्या डब्यांत डाळ-तांदूळ, पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, आरसा उन्हाकडे आणि दर पाऊण तासाने पेटी जरा फिरवायची, दीडपर्यंत वरणभात तयार. जळत काहीच नाही, ऊन काळ्या डब्यावर पडून त्याची उष्णता होते आणि दुहेरी काच ती बाहेर जाऊ देत नाही. पोळ्या आणि फोडणी गॅसवरच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मे मध्ये दोन काचांच्या मधे वाफ साचायला लागली. म्हणजे सील गेलंय, ओल आत शिरतेय. मी ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवून बघितलं, स्वच्छ ऊन, दुपारी १२ वाजता, रिकामी पेटी, दीड तासात ८५ च्या वर काटा गेला नाही. शेजाऱ्यांच्या तशाच पेटीत त्याच वेळी १२० होतं. शिवाय माझ्या पेटीचा तळ बाहेरून हाताला गरम लागतो म्हणजे आतला काचलोकरीचा थरपण भिजलाय बहुतेक, उष्णता तिथूनच पळतेय.

आता ढगांचं. आरसा फक्त सरळ येणारं ऊन परतवून आत टाकतो, ढगाळ दिवशी उजेड सगळीकडून विखरून येतो त्यामुळे आरशाचा उपयोगच होत नाही. माझी सोपी खूण, गच्चीवर स्वतःची सावली ठळक दिसली नाही तर डबे आत ठेवायचेच नाहीत. जूनमध्ये एकदा तुमच्या माणसाच्या भरवशावर ठेवले, वरण कोमट राहिलं आणि चारपर्यंत चक्क आंबलं, सगळं फेकलं. दहा-पंधरा मिनिटं ढग आला तर झाकण न उघडता चालून जातं, आख्खा पावसाळा नाही चालत. संध्याकाळचंही तेच, तीननंतर ऊन तिरकं होतं, नवीन काही शिजत नाही. दुपारी झालेलं झाकण बंद ठेवून थोडा वेळ गरम राहतं एवढंच.

हे सगळं विकतानाच सांगितलं असतं तरी मी घेतला असता. पण खोटं सांगून विकायचा आणि सील गेलं की बिल ढगांवर फाडायचं, हे बरोबर नाही.

वॉरंटी एक वर्षाची आहे, बिलाचा आणि धुरकट काचेचा फोटो सोबत जोडलाय. दुरुस्ती नको, माणूस येऊन काच पुसून जातो फक्त, दोनदा झालंय. पेटी बदलून द्या नाहीतर पैसे परत करा. माणूस पाठवणार असाल तर ऊन असताना दुपारी १२ ला पाठवा, संध्याकाळी ६ ला येऊन तपासणार काय?

एक ग्राहक, कोथरूड