गालिच्याचं माप सोफ्यापासून मोज

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला खोलीचा नकाशा मिळाला. मापं व्यवस्थित घेतली आहेस. सोफ्याचे पुढचे पाय सोफ्याच्या कडेपासून किती आत आहेत तेही लिहिलंस, ते फार बरं केलंस. हे माप कुणी पाठवत नाही आणि नेमकं तेच लागतं. ५ बाय ८ चा गालिचा तुझ्या मनात भरलाय, पण रंग आणि नक्षी तीच ठेवून तू ६ बाय ९ चा घ्यावास असं माझं मत आहे. तुझीच मापं धरून कारण सांगतो.

खोलीत मधोमध टीपॉय असतो. त्याच्याखाली मावेल एवढा गालिचा आणायचा आणि सोफा, खुर्ची त्याच्या बाहेर भिंतीला टेकवून ठेवायची, असं बहुतेक घरांत होतं. मग गालिचा एकीकडे, फर्निचर दुसरीकडे, आणि खोली आहे त्यापेक्षा लहान दिसते. पुढचे पाय गालिच्यावर आले की सोफा, खुर्ची आणि टीपॉय मिळून एक बैठक होते. सगळे पाय वर आले तर उत्तमच, पण त्याला मोठा गालिचा आणि मोठी खोली लागते. पुढचे पाय वर आणि मागचे फरशीवर हा मधला मार्ग आहे, आणि तुझ्या १२ बाय १५ च्या खोलीला तोच योग्य.

आता नकाशा समोर घे. सोफा १५ फुटांच्या लांब भिंतीला, अगदी मधोमध. समोरच्या भिंतीला टीव्हीचं कपाट. भिंतीपासून सोफ्याच्या पुढच्या कडेपर्यंत ३८ इंच होतात. पाय कडेपासून २ इंच आत आहेत आणि स्वतः २ इंच जाड, म्हणजे पायाची मागची बाजू भिंतीपासून ३४ इंचांवर येते. गालिचा तिथेच संपवायचा नाही. पाय अगदी काठावर आला की बसता-उठताना सोफा किंचित हलतो, पाय काठावरून निसटतो, मग काठ मुडपतो आणि काही महिन्यांत तिथली शिवण उसवते. पायाच्या मागे चार ते सहा इंच गालिचा राहू दे. तुझ्याकडे आपण सहा इंच धरू, म्हणजे गालिचा भिंतीपासून २८ इंचांवर सुरू होईल. तुझ्या मापांना हाच पाया आहे. सगळी मोजणी इथून पुढे करायची, खोलीच्या मध्यापासून नाही.

सोफा आणि टीपॉयमध्ये १६ इंच ठेव. त्याहून कमी असेल तर गुडघे लागतात, जास्त असेल तर पेला ठेवायला वाकावं लागतं. तुझा टीपॉय २२ इंच रुंद आहे, म्हणजे तो भिंतीपासून ७६ इंचांवर संपतो. ६ फुटी गालिचा १०० इंचांपर्यंत जाईल. टीपॉयपलीकडे दोन फूट गालिचा दिसेल आणि टीव्हीच्या कपाटापर्यंत २८ इंच फरशी मोकळी राहील. ५ फुटी गालिचा टीपॉयच्या पुढे जेमतेम एक फूट जाईल. एवढ्यानेही भागतं, वाईट दिसत नाही. म्हणजे या बाजूने पाहिलं तर तुझी निवडही चालली असती. घोटाळा लांबीत आहे.

सोफा ७ फुटांचा. ८ फुटी गालिचा त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त सहा-सहा इंच डोकावेल. नुसता सोफा असता तर तेवढं पुरलं असतं, पण उजव्या हाताला तू एक खुर्ची मांडणार आहेस, सोफ्याशी काटकोनात, तोंड टीपॉयकडे. खोलीच्या मध्यरेषेपासून मोज. तुझ्या मांडणीत खुर्चीची पुढची कड ४६ इंचांवर आहे आणि तिचे पुढचे पाय ४८ ते ५० इंचांच्या दरम्यान टेकतात. ८ फुटी गालिच्याचा अर्धा भाग ४८ इंच, म्हणजे तो खुर्चीच्या पायाला स्पर्श करून संपणार. पाय ना आत ना बाहेर. ९ फुटी गालिच्याचा अर्धा भाग ५४ इंच होतो, आणि पायाच्या मागे चार इंच उरतात.

तू म्हणशील, मग खुर्चीच सहा इंच पुढे ओढते. करून बघ. तेव्हा ती सोफ्याच्या उजव्या हातासमोर येईल आणि तिथल्या जागेवर बसणाऱ्याला सोफा आणि खुर्ची यांच्या मधल्या १२ इंचांतून आडवं होऊन आत शिरावं लागेल. पाहुणे दोन दिवस सोसतील, घरातली माणसं मात्र ती जागा सोडून दुसरीकडे बसू लागतील. गालिच्यासाठी खुर्ची हलवू नये. आधी माणसं बसतील तशी मांडणी ठरवायची आणि मग तिच्याखाली गालिचा घालायचा.

आता उलटा प्रश्न. मोठाच घ्यायचा तर ८ बाय १० का नको? कारण तुझं दार. ते डाव्या आखूड भिंतीत आहे, आत उघडतं आणि त्याची फळी ३४ इंचांची. सोफा मधोमध असल्याने ९ फुटी गालिच्याचा डावा काठ त्या भिंतीपासून ३६ इंचांवर राहतो, म्हणजे दार दोन इंच सोडून मोकळं फिरतं आणि यायला-जायला वाटही उरते. १० फुटी गालिचा ३० इंचांवर येईल. मग दार दर वेळी त्याचा काठ खरवडत जाईल किंवा अर्ध्यात अडेल. शिवाय ८ फूट रुंदी टीव्हीच्या कपाटाच्या चार इंच अलीकडे येऊन थांबते. गालिचा आणि कपाट यांच्यात चिंचोळी पट्टी उरली की माप चुकल्यासारखं वाटतं. जाता जाता सांगतो, हे दार मागे भिंतीला टेकेपर्यंत पूर्ण उघडून मोजलं आहेस ना? अर्धं उघडून मोजलेल्या दाराने पुष्कळांना फसवलंय.

एवढं झालं तरी कागदावर विश्वास ठेवू नकोस. रंगाऱ्यांकडे असते ती कागदी चिकटपट्टी घे आणि फरशीवर ६ बाय ९ चा चौकोन आख. सोफ्याखालची कड आखायला सोफा हलवायची गरज नाही. भिंतीपासून २८ इंचांवर, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना खुणा केल्या की पुरे. आत ५ बाय ८ चा दुसरा चौकोनही आख, वेगळ्या रंगाच्या पट्टीने. मग दार उघड, दारातून आत येऊन बघ, खुर्चीत बस आणि पाय कुठे टेकतात ते पाहा. दोन दिवस पट्टी तशीच राहू दे. रात्री पाणी प्यायला उठलीस तर अंधारात कुठे ठेचकाळतेस तेही कळेल.

विकत घेताना एक खबरदारी. ६ बाय ९ ही नावाची मापं असतात. यंत्रावर विणलेला ६ बाय ९ अनेकदा प्रत्यक्षात साडेपाच फुटांहून थोडा अधिक रुंद आणि साडेआठ फूट लांब निघतो. हाताने विणलेल्यात तर दोन बाजूंची मापंही वेगळी असू शकतात. तुला हे साधं प्रकरण वाटेल, पण साडेआठ फुटांचा अर्धा भाग ५१ इंच होतो आणि खुर्चीच्या पायामागे एकच इंच उरतो. म्हणून गालिच्यामागे लावलेल्या चिठ्ठीवर इंचांत किंवा सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं माप वाच आणि गालिच्याला गोंडे असतील तर ते त्या मापात धरलेत का ते विचार. गोंड्यांवर पाय ठेवायचा नाही, म्हणून आपल्या हिशेबात ते नाहीतच. लांबी १०५ इंचांच्या खाली असेल तर मी तो घेणार नाही.

जाडीबद्दल तू विचारलं होतंस, सोफा मागे कलेल का म्हणून. आखूड लोकरीचा अर्धा इंच जाडीचा गालिचा पायाखाली दबतो आणि उरलेला कल बसणाऱ्याला जाणवत नाही. लांब, झुबकेदार लोकरीचा घेतलास तर मात्र सोफा डुगडुगेल. तेव्हा मागच्या पायांखाली नमद्याचे तुकडे चिकटवून दोन्हीकडची उंची सारखी करता येते. पण तुझ्या सोफ्याला खालून बघ. पुष्कळ लांब सोफ्यांना मधोमध, पुढचे आणि मागचे पाय यांच्या मध्ये, आधाराचा एक पाय असतो. तो फरशीवर पडतो. पुढचे पाय उचलले गेले की तो अधांतरी राहतो आणि मधे बसलं की सोफ्याची चौकट खाली दबते. त्याच्याखाली कागद सरकवून बघ. कागद सहज निघाला तर पाय टेकलेला नाही. स्क्रू असेल तर फिरवून खाली घे, नसेल तर त्याच्याखालीही नमदा.

गालिच्याखालचं अस्तर चारही बाजूंनी एकेक इंच लहान काप, म्हणजे काठ उचललेला दिसणार नाही. पाय वर असल्याने गालिचा सरकणार नाही, मग अस्तर कशाला, असं दुकानदार म्हणेल. सोफ्याची बाजू सरकणार नाही, पण टीव्हीकडच्या बाजूवर कुणाचंच वजन नाही आणि तीच जास्त तुडवली जाते. अस्तर घेच.

चिठ्ठीवरचं माप मिळालं की मला कळव, पैसे देण्याआधी. आईने तुला दोनदा फोन केला होता, उचल.

तुझा,
बाबा