सागरच्या शिफारसपत्राबद्दल

कोल्हापूर

प्रिय संजू,
सप्रेम नमस्कार.

सागरच्या परदेशातल्या नोकरीसाठी तू लिहिलेलं शिफारसपत्र वाचलं. मजकूर झकास आहे, पण पहिलंच वाक्य बदल मर्दा. 'आय ॲम नोइंग हिम सिन्स चाइल्डहुड' काढ आणि 'आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहुड' लिही. फोनवर तू वाद घातलास की ओळख अजून चालू आहे, मग चालू वर्तमानकाळ का नको? म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या वाक्यात दोन चुका एकमेकींना चिकटून बसल्यात. आयएनजी लागतं ते चालू असलेल्या कृतीला: तो धावतोय, ती भाकरी थापतेय. ओळखणं ही स्थिती. एकदा ओळख झाली की ती असते, आपण ती करत बसत नाही. त्यामुळं 'आय हॅव बीन नोइंग' असं लांबवूनही उपयोग नाही.

पण आयएनजी काढून 'आय नो हिम सिन्स चाइल्डहुड' केलंस तरी भागत नाही. आपलं 'लहानपणापासून ओळखतो' साध्या वर्तमानकाळात निभावतं. इंग्रजीत मात्र मागे सुरू होऊन आजवर आलेली गोष्ट 'सिन्स'नं सांगायची तर पूर्ण वर्तमानकाळ लागतो, म्हणजे 'हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. काम ही कृती असल्यानं तिथं आयएनजीही चालतं. म्हणून तुझं 'ही हॅज बीन वर्किंग इन शिरोली सिन्स २०१८' हे वाक्य चोख आहे, त्याला हात लावू नकोस.

त्याच्याच खाली मात्र 'सिन्स सेव्हन इयर्स' लिहिलंयस. आपल्या 'पासून'ला दोन्ही चालतं, '२०१८ पासून' आणि 'सात वर्षांपासून'. इंग्रजीत कॅलेंडरवर बोट ठेवून सुरुवात दाखवता आली तर 'सिन्स', आणि किती काळ ते मोजून सांगायचं असेल तर 'फॉर'. तिथं 'फॉर सेव्हन इयर्स' कर.

आता खरी गोची. गोकुळ शिरगावातल्या जुन्या कारखान्याबद्दल तू 'ही हॅज वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' लिहिलंस. व्याकरण बरोबर, अर्थ घातक. वाचणाऱ्याला वाटेल सागर अजून तिथंच आहे, आणि अनुभवाच्या दाखल्यात तर त्यानं २०१८ मध्ये नोकरी सोडल्याचं लिहिलंय. 'फॉर' संपलेल्या काळालाही चालतो, फक्त क्रियापद साध्या भूतकाळात हवं: 'ही वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स'. नुसतं 'हॅज' खोडायचंय. ते राहिलं तर पत्र आणि दाखला जुळणार नाहीत, आणि शंका सागरवर येईल.

दुरुस्त करून पाठव. सही करायच्या आधी मी एकदा नजर टाकतो. काकींना नमस्कार सांग.

तुझा,
राजू