सॉफ्टनर बंद करण्याआधी: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

विषय: सॉफ्टनर बंद करण्याच्या प्रस्तावाबाबत

महोदय,

मागच्या सभेत पाण्याचा जडपणा काढणारा आपला सॉफ्टनर काम करत नाही म्हणून तो बंद करावा, असे जवळपास ठरले. पुरावा म्हणून पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा दाखवणारा टीडीएस मीटर दाखवला गेला. बोअरच्या पाण्याचा आणि सॉफ्टनरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा सारखाच आला. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असून, जलरसायनाच्या असाइनमेंटसाठी मी हेच पाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासले. मीटर बिघडलेला नाही, पण सॉफ्टनर तपासायचे ते साधनच नव्हे.

पाण्याचा जडपणा म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. आपल्या पाण्यात कॅल्शियम बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात आहे. पाणी तापले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारा कार्बोनेट उरतो:

Ca(HCO3)2 → CaCO3 + CO2 + H2O

हाच तो गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर. सर्वांत जास्त तापते ती कॉइल, म्हणून थर आधी तिथेच धरतो. मग उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, आतली तार जास्त तापते आणि शेवटी कॉइल जळते. गार पाण्याची पाइप मात्र त्याच पाण्यावर वर्षानुवर्षे चालते.

सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक पिवळसर मणी असतात आणि त्यांना सोडियम चिकटलेले असते. पाणी त्यातून जाताना मणी कॅल्शियमचा एक आयन धरतात आणि सोडियमचे दोन सोडतात. म्हणजे पाण्यातून क्षार कमी होत नाहीत, त्यांची फक्त अदलाबदल होते. टीडीएस मीटर मुळात पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, आणि ती या अदलाबदलीने फारशी बदलत नाही. वजनाने पाहिले तर 40 ग्रॅम कॅल्शियमच्या जागी 46 ग्रॅम सोडियम येते. त्यामुळे सॉफ्टनर उत्तम चालत असला तरी मीटरचा आकडा खाली येणार नाही.

जडपणा मोजायचा तर कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून घेणाऱ्या ईडीटीएचे टायट्रेशन करावे लागते. 50 मिली पाण्यात बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक घातला की रंग वाइनसारखा लाल होतो. मग 0.01 मोलर ईडीटीए थेंबथेंब सोडत जायचे. लाल जांभळ्यावर येतो आणि एका थेंबाला स्वच्छ निळा होतो, तिथे थांबायचे. बोअरच्या पाण्याला 21 मिली लागले, म्हणजे जडपणा लिटरला 420 मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). रविवारी रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने मणी पुन्हा ताजे करणे, झाल्यावर लगेच घेतलेल्या सॉफ्टनरच्या पाण्याला जेमतेम 0.3 मिली लागले, म्हणजे 6 मिलिग्रॅम. सोमवारी संध्याकाळी त्याच नळाच्या पाण्याला 18 मिली लागले, म्हणजे 360.

सॉफ्टनर चालतो, पण दिवसभरही पुरत नाही. आपल्याकडे 100 लिटर रेझिन आहे. रेझिन लिटरला साधारण 50 ग्रॅम जडपणा धरते असे मानले, तर एका फेरीत 5,000 ग्रॅम होतात. 420 मिलिग्रॅमच्या पाण्याला भागले की सुमारे 12,000 लिटर येतात. आपला उपसा रोज 30,000 लिटरचा आहे आणि रिजनरेशन आठवड्यातून एकदा. मणी पहिल्याच दिवशी भरतात, उरलेले दिवस पाणी नुसते त्यांच्यावरून वाहते.

त्यातही मीठ अंदाजाने पडते. रिजनरेशन म्हणजे मिठाच्या दाट पाण्याने मण्यांवरचे कॅल्शियम ढकलून काढणे. कागदावरच्या हिशेबाने 5 किलो जडपणा काढायला 6 किलोच्या आत मीठ पुरावे, पण प्रत्यक्षात काम पूर्ण व्हायला 15 किलोच्या आसपास लागते आणि ते पाणी सावकाश, अर्धा तास तरी, सोडावे लागते. घाईत पाच मिनिटांत सोडलेले मीठ बरेचसे गटारातच जाते.

सगळे पाणी सॉफ्ट करायचे तर दिवसातून दोन-तीनदा रिजनरेशन करावे लागेल. ते मला शहाणपणाचे वाटत नाही. फक्त गीझरची लाइन सॉफ्टनरवर ठेवावी. तो वापर रोज 6,000 लिटर धरला तर एक दिवसाआड रिजनरेशन पुरेल. गार पाण्याच्या नळांवर आणि फरशीवर डाग पडतच राहतील, हे आधीच सांगते. पिण्याची लाइन मात्र सॉफ्टनरबाहेरच हवी, कारण एवढा जडपणा काढताना लिटरमागे सुमारे 190 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते आणि आपल्याकडे मीठ वर्ज्य असलेले ज्येष्ठ सभासद आहेत.

तरी पुढील सभेपर्यंत सॉफ्टनर बंद करू नये. बाहेर जाणाऱ्या लाइनवर पाण्याचा मीटर बसवावा आणि वार न पाहता लिटर पाहून रिजनरेशन करावे. थेंब टाकून जडपणा तपासायचे किट पंपरूममध्ये ठेवल्यास रोजची नोंद कोणालाही करता येईल. ते कसे वापरायचे हे मी पंप ऑपरेटर काकांना दाखवून देईन.

आपली,
बी विंगमधील एक रहिवासी