आयआरआर जास्त म्हणून प्रकल्प सरस ठरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रकल्पांची निवड कशी करावी, यावरचा आपल्या अर्थपुरवणीतील लेख वाचला. 'ज्याचा आयआरआर, म्हणजे गुंतवलेल्या पैशावरचा वार्षिक परताव्याचा दर, जास्त, तो प्रकल्प घ्यावा' अशा अर्थाचे त्यातले वाक्य दोनपैकी एकच प्रकल्प घेता येतो तेव्हा टिकत नाही.

दोन्ही प्रकल्पांत आज 100 लाख घालायचे आहेत असे समजा. 'अ' पहिल्या वर्षाअखेर 80 आणि दुसऱ्या वर्षाअखेर 50 लाख देतो. 'ब' आधी 30 आणि मग 105 लाख देतो. आयआरआर अनुक्रमे सुमारे 21.2 आणि 18.6 टक्के येतो, म्हणजे लेखातल्या नियमाने 'अ' घ्यायचा. पण भांडवल 6 टक्क्यांनी मिळत असेल, तर 'अ'ची एनपीव्ही, म्हणजे पुढे मिळणाऱ्या रकमांच्या आजच्या मूल्यातून आजची गुंतवणूक वजा जाता उरणारी रक्कम, 19.97 लाख आणि 'ब'ची 21.75 लाख निघते. भांडवल 14 टक्क्यांचे असेल, तर हाच क्रम उलटतो: 8.65 आणि 7.11.

हा पेच सोडवायला 'ब'च्या आकड्यांतून 'अ'चे आकडे वजा करावेत. आजचा फरक शून्य, पहिल्या वर्षी उणे 50, दुसऱ्या वर्षी अधिक 55. 'अ' सोडून 'ब' घेणे म्हणजे पहिल्या वर्षीचे 50 लाख सोडून वर्षभराने 55 लाख घेणे, एवढाच हा सौदा. त्याचा परतावा 10 टक्के, आणि हाच क्रॉसओव्हर रेट. या दराला दोन्ही प्रकल्पांची एनपीव्ही 14.05 लाख, अगदी सारखी येते.

आता 6 टक्क्यांनी कर्ज मिळणाऱ्याने 'ब' घेतला आणि पहिल्या वर्षाअखेर 50 लाख उचलले, तर त्याच्या हाती 'अ'सारखेच 80 लाख येतात. पुढच्या वर्षी 53 लाख फेडून 52 उरतात. 'अ'मध्ये 50च मिळाले असते. 14 टक्क्यांनी मात्र 57 फेडावे लागतात आणि 48 उरतात. 21.2 आणि 18.6 या आकड्यांचा या हिशेबात कुठे संबंधच येत नाही! मुळात आयआरआर काढताना भांडवलाचा दर विचारातच घेतलेला नसतो.

वजाबाकी करताना एक पथ्य पाळावे: फरकाच्या ओळीत आधी उणे आणि मग अधिक यायला हवे. 'अ'मधून 'ब' वजा केला तरी दर 10च येतो, पण ते कर्ज घेतल्यासारखे होते, आणि मग भांडवलाचा दर त्याहून जास्त असेल तरच 'अ' परवडतो. चिन्ह एकापेक्षा जास्त वेळा बदलत असेल, तर क्रॉसओव्हरही एकाहून अधिक निघू शकतात. तिथे या दराच्या नादी न लागता आपल्या भांडवलाच्या दराने दोन्ही एनपीव्ही काढून जी मोठी असेल ती निवडावी.

आपला,
एक नियमित वाचक